सोळा ओळी, सात महिने: एक इटालियन कविता मराठीत आणताना

परवा अंक हातात आला, त्यात पान ८७ वर माझा अनुवाद छापून आलाय, सोळा ओळींचा. सोळाच. आणि त्याला जानेवारी ते ऑगस्ट लागले, म्हणजे महिन्याला सव्वादोन ओळी पडल्या. घरी सगळे हसतात, पण मला वाटलं लिहून ठेवावं, कारण सुरुवातीला यमक, लय आणि चित्र हे तिन्ही एकदम कसं सांभाळायचं हे सांगणारं मला मराठीत फार काही सापडलं नव्हतं, जे होतं ते "भाव महत्त्वाचा" एवढ्यावर संपत होतं.

खरं तर मला कविता करायचीच नव्हती, मला एक गाणं करायचं होतं. साठच्या दशकातलं, इटलीत सगळ्यांना पाठ असलेलं. त्याचे हक्क एका म्युझिक पब्लिशरकडे आहेत, त्यांना १४ जानेवारीला मेल टाकली. आधी फक्त ऑटो-रिप्लाय. मग एक फॉर्म आला, त्यात किती प्रती छापणार, अंकाची किंमत किती, कुठल्या देशात विकणार, गायलं जाणार की नुसतं छापलं जाणार, असे रकाने. भरून पाठवला. तीन आठवडे शांतता, आठवण, परत शांतता, परत आठवण. शेवटी २ एप्रिलला उत्तर आलं की २५० युरो भरा आणि तुमच्या मराठीचं परत शब्दशः इटालियन करून ते प्रमाणित करून पाठवा, मग विचार करू. आमच्या दिवाळी अंकाचं मानधन ५०० रुपये, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

तर पहिली गोष्ट ही, की आधी हक्क बघा आणि मग प्रेमात पडा. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतात, इटलीत ७०. गाणं असेल तर शब्द लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, भारतात दोघांची वर्षं वेगवेगळी मोजायची, इटलीत दोघांतला जो शेवटी गेला त्याच्यापासून. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि अडीच महिने घालवले.

मग माझ्या इटालियनच्या शिक्षिकेने (बोलोन्याची आहे, ऑनलाइन शिकवते, तासाला ८०० रुपये) सुचवलं की जोसुए कार्दुच्ची हा कवी घे. तो १९०७ साली गेला, म्हणजे हक्कांचा प्रश्नच नाही, आणि कविता छोटी आहे, तिथल्या शाळेत मुलं पाठ करतात. 'प्यांतो अंतीको', म्हणजे जुना विलाप. कार्दुच्चीचा मुलगा दांते १८७० च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांचा असताना गेला. पुढच्या जूनमध्ये, १८७१ साली, बोलोन्यातल्या घराच्या परसातलं डाळिंब परत हिरवंगार झालेलं बघून बापाने ही कविता लिहिली. झाड परत पालवतं, मूल परत येत नाही, एवढंच आहे त्यात. पहिलं कडवं असं:

लाल्बेरो आ कुई तेंदेवी
ला पार्गोलेत्ता मानो
इल वेर्दे मेलोग्रानो
दा बेइ वेर्मील्यी फ्योर

ज्या झाडाकडे तू चिमुकला हात पुढे करायचास, ते हिरवं डाळिंब, सुंदर लालभडक फुलांचं. दुसऱ्या कडव्यात, मुक्या एकाकी परसात ते नुकतंच सगळं हिरवं झालंय आणि जून त्याला प्रकाशाने आणि उबेने परत उभं करतोय. तिसऱ्यात बाप म्हणतो, माझ्या घाव बसलेल्या, वाळलेल्या झाडाचं फूल तू, या निरुपयोगी आयुष्याचं शेवटचं एकुलतं फूल. चौथं मी पुढे देते, त्याने मला सगळ्यात जास्त छळलं.

एप्रिलचा पूर्ण महिना नुसता मोजण्यात गेला. या ओळीला सेत्तेनारियो म्हणतात, म्हणजे सात अक्षरांची ओळ. मी बोटं मोजायला लागले तर पहिलीच ओळ आठ भरायची. शिक्षिका म्हणाली, "तू डोळ्यांनी मोजतेयस, तोंडाने मोज." इटालियनमध्ये एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की दोन्ही स्वर एकाच ठोक्यात उरकतात, म्हणून 'लाल्बेरो आ' हे चार नाही तर तीनच, 'रो' आणि 'आ' चिकटून एक. हे कळल्यावर सगळ्या ओळी फटाफट जुळल्या. आणि सात हा आकडाही तसा फसवा आहे, खरा नियम असा की ठाम आघात सहाव्यावर पडलाच पाहिजे. मेलो-ग्रा-नो, त्यात 'ग्रा' सहावा. बहुतेक इटालियन शब्दांचा आघात शेवटून दुसऱ्यावर असतो म्हणून सहाव्यानंतर एक शेपूट उरतं आणि सात होतात.

पण प्रत्येक कडव्याच्या चौथ्या ओळीत कवीने ते शेपूट कापलंय. शब्द खरा फ्योरे, त्याने केला फ्योर. कालोरेचा कालोर, आमोरेचा आमोर. त्यामुळे चौथी ओळ सहावरच थांबते, पायरी चुकावी तशी. आणि चारही कडव्यांच्या या शेवटच्या ओळी एकमेकींशी जुळतात: फ्योर, कालोर, फ्योर, आमोर. कडव्याच्या आत मात्र फक्त दुसरी आणि तिसरी ओळ जुळते, मानो आणि मेलोग्रानो. पहिली मोकळी.

आता हे मराठीत कसं? मे महिन्यात मी पहिला मसुदा केला, सात-सात अक्षरांच्या ओळी. आकड्याला आकडा लावला, बास, असं वाटलं. मोठ्याने वाचला तर लंगडत होता. मराठीत तो सहाव्यावरचा घण नाहीच, आपल्याकडे असा ठाम आघात ऐकूच येत नाही, त्यामुळे सात अक्षरं नुसती सात अक्षरं राहिली, लय आलीच नाही. शिवाय यमकासाठी मी 'सकाळी' घुसडलं होतं, डहाळीला जुळवायला. डाळिंबाची डहाळी, हात तू रे सकाळी. मूळात सकाळ कुठेच नाही! हे ओळखायची एक सोपी युक्ती मला तेव्हा मिळाली: स्वतःच्या अनुवादातला प्रत्येक यमकाचा शब्द पेन्सिलने गोल करायचा आणि विचारायचं, यमक नसतं तर हा शब्द मी इथे लिहिला असता का. माझ्या पहिल्या मसुद्यात आठ गोलांपैकी पाच खोटे निघाले.

९ जूनला, सोमवारी, आई स्वयंपाकघरात भजनी मंडळाची तयारी करत होती. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. हे मी जन्मापासून ऐकतेय. त्या दिवशी एकदम हातातला कप खाली ठेवला आणि मोजलं. सहा, सहा, सहा आणि चार. दुसरा आणि तिसरा चरण जुळतात, विटेवरी-कटावरी. पहिला मोकळा. चौथा आखूड. अहो हे तर तेच आहे! तीन सारख्या ओळी, मधल्या दोघींचं यमक आणि शेवटी अचानक कमी पडणारी ओळ. इटालियनमध्ये जे काम कापलेला शब्द करतो ते मोठ्या अभंगात चार अक्षरांचा चरण करतो. मी पुण्यात बसून दोन महिने इटलीचा छंद शोधत होते आणि तो आमच्या गॅसच्या शेगडीपाशी रोज म्हटला जात होता.

फरक आहेच. कार्दुच्चीचा छंद हलका, जुन्या ग्रीक धाटणीच्या छोट्या गाण्यांचा, आणि अभंग म्हटला की आपल्याला विठ्ठल दिसतो. भक्तीचा वास येईल का ही धास्ती शेवटपर्यंत होती. पण विलाप त्यात बसतो हे नक्की, आणि बाप-लेकराचं नातं तर अभंगाला नवीन नाही. मी ठरवलं की साचा घ्यायचा आणि देवाचा एकही शब्द घ्यायचा नाही.

आता चौथ्या चरणांचं यमक. इथे मला नशिबाने साथ दिली. फ्योर म्हणजे फूल, आणि फूल हा शब्द बोलताना ल वर बंद होतो, कापल्यासारखा, अगदी फ्योरसारखा. मग '-ऊल'ची यादी केली: मूल, भूल, चूल, धूल, झूल, हूल, चाहूल, पाऊल. 'मूल' सगळ्यात आधी समोर आलं आणि मी मुद्दाम खोडलं, कारण अख्ख्या कवितेत कवीने मूल, बाळ, मुलगा यातला एकही शब्द वापरलेला नाही. फक्त चिमुकला हात आहे आणि 'तू' आहे. फूल-मूल जोडी इतकी सोपी होती की तिने कवितेचं वाटोळं केलं असतं.

पहिल्या कडव्यात मी लिहिलं 'डाळिंबीशी हात'. डाळिंबी म्हणजे डाळिंबाचं झाड, जुन्या मराठीतला शब्द, खूश होते मी. बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलं, तिचा रिप्लाय: "डाळिंबीची उसळ?? 😂" तिच्या घरी बिरडं असतं ना दर शनिवारी. गेलं. कितीही शुद्ध असला तरी ज्या शब्दावर वाचकाला मोड आलेले वाल दिसणार तो शब्द बाद. डाळिंबाशी केलं, अक्षरं तितकीच.

डाळिंबाशी हात
इवला तू नेशी
हिरव्या पानांशी
लाल फूल

'नेशी' हे जुनं रूप आहे, आज कोणी असं बोलत नाही. त्याबद्दल मला अपराधी वाटत होतं, पण शिक्षिकेने दाखवलं की कार्दुच्चीसुद्धा 'पार्गोलेत्ता' असा पुस्तकी शब्द घालतो, आणि काळ्याला साधा 'नेरा' सोडून 'नेग्रा' हे जुनं रूप घेतो, म्हणजे 'राल्लेग्रा'शी जुळतं. मग मी थोडी निर्धास्त झाले.

दुसऱ्या कडव्यातला जून हा खरा गुंता. तिकडे जून म्हणजे ऊन, ऊब, झाडाला जीव. आपल्याकडे जून म्हणजे छत्री. आणि उष्णता हा आपल्याला सुखाचा शब्दच नाही, आपण उन्हाला कंटाळलेले लोक. मी आधी सरळ 'चैत्र' लिहिलं, पालवी म्हटली की चैत्र आलाच. छान वाटत होतं. पण चैत्र आला की पाडवा येतो, गुढी येते, सण येतो, आणि मुलगा नोव्हेंबरमध्ये गेलाय आणि हा जून आहे, मधले सात महिने या कवितेत आहेत, ते मी पुसून टाकत होते.

सांगोल्याला मामाची डाळिंबाची बाग आहे, त्याला फोन केला. विचारलं, मामा, जूनमध्ये डाळिंब काय करतं? तो म्हणाला, "अगं मृग बहार धरला असंल तर तेव्हाच तर गंमत. त्याआधी पाणी तोडतो आपण, ताण देतो, पानं गळून झाड नुसतं काटकीसारखं होतं. मृगाचा पाऊस झाला की नवा पाला फुटतो आणि लालबुंद कळी निघते." बघा, वाळलेलं झाड, नवा पाला, लाल फूल आणि महिना जूनच. कारण वेगळं, तिथे ऊन आणि इथे पाऊस, पण दृश्य तेच. त्या फोनने जून राहिला. आणि 'नवा पाला' हा शब्दही मामाचाच, मी त्याआधी 'पालवी' 'पल्लव' असलं काहीतरी शोधत होते.

मुक्या परसात
नवा आला पाला
घाली जून त्याला
ऊन-झूल

झूल माझी भर आहे, मूळात प्रकाश आणि ऊब आहे, कापड नाही. बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल, पोळ्याची. शिक्षिकेला समजावायला बैलपोळ्याचा फोटो दाखवावा लागला, ती हसायला लागली, म्हणाली कार्दुच्चीला चालेल, त्याने बैलावर एक अख्खं सॉनेट लिहिलंय आणि तेही आम्हाला शाळेत पाठ होतं. झूल पाठीवर पडते, तिला वजन असतं, ऊब असते, आणि घालणारा मायेने घालतो. प्रकाश आणि ऊब दोन्ही त्या एका शब्दात येतात असं मला वाटतं. पण 'एकाकी' परस माझ्याकडून सुटला, 'मुक्या' तेवढा उरला. सहा अक्षरांत दोन्ही मावत नव्हते.

तिसरं कडवं दोन दिवसांत झालं आणि तेच सगळ्यात कच्चं आहे.

मोडल्या, वाळल्या
माझ्या या झाडाचे
व्यर्थ जगण्याचे
तूच फूल

झाडाचे-जगण्याचे, म्हणजे यमक नुसतं प्रत्ययाचं. मराठीत हे फार स्वस्त मिळतं, काहीही घ्या आणि 'चे' लावा. 'शेवटचं' हे विशेषणही गेलं, 'एकुलतं' मात्र 'तूच'मधल्या 'च'ने पेललं. फूल परत आलंय यमकात, पण ते कवीनेही दोनदाच वापरलंय, पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात, म्हणून तिथे बिनधास्त ठेवलं.

आणि आता चौथं.

सेइ ने ला तेर्रा फ्रेद्दा
सेइ ने ला तेर्रा नेग्रा
ने इल सोल प्यू ती राल्लेग्रा
ने ती रिस्वेल्या आमोर

तू थंड मातीत आहेस, तू काळ्या मातीत आहेस, सूर्य तुला आता आनंद देत नाही आणि प्रेम तुला उठवत नाही. अगदी साधे शब्द, एकही अलंकार नाही.

मी लिहिलं 'थंड माती, काळी माती' आणि तीन आठवडे त्यावर समाधानी होते. मग मामालाच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काळी माती म्हणजे चांगलीच की, त्यात काय दुःख?" बरोबर आहे. आपल्याकडे काळी म्हणजे कसदार, काळी आई. शेतकऱ्याला मुरमाड जमिनीचं दुःख असतं, काळीचं नाही. कवितेतली सगळ्यात भेसूर ओळ मराठीत आल्याबरोबर सुपीक झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. शब्दकोशात बघाल तर नेग्रा म्हणजे काळा, चूक काढताच येणार नाही. रंग सोडून अंधार पकडला तेव्हा सुटलं: अंध माती.

'सेइ... सेइ...' म्हणजे 'आहेस... आहेस...' ही हाक दोनदा येते, ती ओळीच्या सुरुवातीला टिकवायची होती, म्हणून 'तुला... तुला...' केलं. उरल्या शेवटच्या दोन ओळी आणि दहा अक्षरं, ज्यात सूर्य, आनंद, प्रेम, जाग आणि दोन नकार बसवायचे. 'ऊन ना सांगाती' करून पाहिलं, त्यात प्रेम बाहेर राहिलं. 'ना मायाचाहूल' केलं तर सहा अक्षरं, चौथा चरण आखूड राहिलाच नाही, सगळा पडणारा ठोका गेला. संतांच्या अभंगातही एखादं अक्षर इकडेतिकडे होतं हे मान्य, पण इथे नेमकी ती आखूड ओळच तर सगळं करतेय.

१७ जुलैला पीएमटीत, कोथरूड डेपोच्या अलीकडे सिग्नलला, लक्षात आलं की मी दोन्ही नकार दोन क्रियापदांवर टांगतेय म्हणून जागा पुरत नाही. ऊन आणि माया येऊ देत ना. येतातच ती. त्याला कळत नाही, एवढंच. तिकिटाच्या मागे लिहिलं:

तुला थंड माती
तुला अंध माती
ऊन-माया येती
ना चाहूल

'आमोर'ला प्रेम न म्हणता माया म्हटलं कारण लेकरावर आपण मायाच करतो. आणि 'चाहूल' म्हटल्यावर झोपलेल्या मुलाच्या खोलीत कोणीतरी दबकत येतंय असं काहीतरी दिसतं, जे मूळातल्या 'उठवत नाही'च्या जवळचं आहे. अर्थात मूळात सूर्य आनंद देत नाही असं स्पष्ट म्हटलंय, माझ्याकडे तो आनंद नाहीये. गेला तो.

पूर्ण झाल्यावर आईला म्हणायला दिलं, तिच्या नेहमीच्या चालीत. हे मी कोणालाही सांगेन, छंदात अनुवाद केलात तर ज्याच्या कानात तो छंद मुरलाय अशा माणसाकडून म्हणून घ्या, अर्थ न सांगता. आईने दोन कडवी टाळ धरून जोरात म्हटली, 'ऊन-झूल'ला छान लांबवलं, आणि चौथ्याला 'अंध माती'पाशी टाळ थांबला. "हे कोणाचं गं?" म्हणाली. मग सांगितलं. तिने परत म्हटलं, टाळ न वाजवता, हळू. त्या वेळी कळलं की 'व्यर्थ' म्हणताना तिची जीभ अडखळतेय, जोडाक्षर आहे, पण 'वाया' आणि 'फुका' दोन्ही करून पाहिलं आणि अर्थ हलका होत होता, तेव्हा 'व्यर्थ' राहिलं.

२ ऑगस्टला संपादकांना पाठवलं. त्यांनी 'ऊन-झूल'मधली आडवी रेघ काढली, प्रुफात मी परत घातली, छापताना परत गायब. शिवाय मानधनासाठी पॅन कार्डची प्रत, कॅन्सल्ड चेक आणि 'हा अनुवाद माझा स्वतःचा आहे व मूळ रचनेवर कोणाचाही हक्क नाही' असं सही करून दिलेलं पत्र लागलं, ते तयार ठेवा, मूळ कवीचं मृत्यूवर्ष त्यात लिहावं लागतं. खर्च म्हणाल तर सहा तासिकांचे ४८०० रुपये आणि एक जुना इटालियन-इंग्रजी कोश ३५० ला. आले ५००.

'सोलींगो', एकाकी परस, हा शब्द मात्र डोक्यातून जात नाहीये. 'मुक्या परसात'ऐवजी सहा अक्षरांत मुकेपण आणि एकटेपण दोन्ही येईल असं कोणाला काही सुचलं तर खाली लिहा, यमकाची अट त्या ओळीला नाही.